गिरणीचं नाव नको, कंपनीचं शोधा

वडिलांच्या नोकरीचे कागद शोधायला तुम्ही त्यांच्या गिरणीचं नाव अभिलेखागाराच्या सूचीत टाकून बघितलंत आणि हाती काही लागलं नाही. माझंही तसंच झालं होतं. निवृत्तीनंतरचे आठ महिने मी त्यात घालवले. लोक हाक मारतात ते गिरणीचं नाव, पण कागद असतात कंपनीच्या नावाने. अभिलेखागारात कागद विषयावरून लावत नाहीत. ते ज्याच्या दप्तरातून आले, त्याच्या नावाखाली ठेवतात.

म्हणून आधी त्या काळची व्यापारी डिरेक्टरी काढा आणि पत्त्यावरून कंपनीचं पूर्ण नाव मिळवा. मग कंपनी नोंदणीची फाइल मागवा. नाव बदललं तरी नोंदणी क्रमांक सहसा तोच राहतो, तो धरून पुढे चला. आमच्या कंपनीने दोनदा नाव बदललं होतं, आणि पगाराची पुस्तकं शेवटी सापडली ती कंपनी बुडाल्यावर तिचा हिशेब मिटवायला नेमलेल्या अवसायकाच्या दप्तरात.

त्या पुस्तकांत नावं नव्हती, फक्त बिल्ला क्रमांक. बाबांचा पितळी बिल्ला मी जपून ठेवला होता, ४१७. तो आकडा दिसला आणि डोळे भरून आले. पण घाई करू नका. माणूस सोडून गेला की तोच क्रमांक नव्याला देत. मी खातं ताडून पाहिलं, तर ते कातणखातं निघालं. बाबा विणकर होते. सात वर्षं पुढच्या पुस्तकात ४१७ विणखात्यात आला, बाबा लागले त्याच महिन्यात.