उत्सवाच्या अल्बमची आभाराची पोस्ट: नावं कार्यकर्त्यांची, चेहरे मुलांचे नकोत

प्रश्न: ठाण्यात घोडबंदर रोडला आमची सोसायटी आहे. पाच दिवसांच्या गणपतीचे फोटो सोसायटीच्या फेसबुक पेजवर टाकायचेत. कार्यकर्त्यांची नावं घेऊन आभार मानायचेत, पण लहान मुलांचे चेहरे दिसायला नकोत. मजकूर कसा लिहावा?

उत्तर:

मजकुराला हात घालण्याआधी फोटो निवडून घ्या. आधी ओळी लिहिल्या की त्या ओळींना शोभतील असे फोटो शोधले जातात, आणि नृत्य स्पर्धेचे फोटो तिथूनच आत शिरतात.

निवडताना चेहरा झाकायचा फोटो शोधू नका, चेहरा मुळातच नसलेला फोटो शोधा. लेझीम धरलेले हात, घुंगरू बांधलेले पाय, आरतीला मूर्तीकडे तोंड करून उभ्या मुलांच्या पाठी, चित्रकला स्पर्धेतले रंगलेले कागद. यातून कार्यक्रम पुरता कळतो. एखाद्या चांगल्या फोटोत कोपऱ्यात एखादं मूल आलं असेल तर आधी कापून पाहा. कापता येत नसेल तरच झाका. दोनपेक्षा जास्त चेहरे झाकावे लागत असतील तर तो फोटो सोडून द्या, कारण ठिगळं लावलेला फोटो कोणालाच आवडत नाही.

झाकताना हलकं धूसर करू नका. ओळखीच्या माणसाला अशा फोटोतही मूल सहज ओळखू येतं. एकसंध रंगाचा गोल किंवा फूल पूर्ण चेहऱ्यावर बसवा. हायलायटरसारखं पारदर्शक पेन वापरलं तर खालचा चेहरा दिसत राहतो. हल्लीच्या फोनमध्ये फोटोसोबत एक-दोन सेकंदांची हलती चित्रफीतही साठते. वरच्या फोटोत चेहरा झाकला तरी चित्रफितीत तो उघडा राहू शकतो. म्हणून झाकून झाल्यावर त्या फोटोचा स्क्रीनशॉट काढा आणि तोच चढवा. शेवटी प्रत्येक फोटो मोठा करून मखरामागचा आरसा, काचेचं दार आणि मागची गर्दी तपासा. विसर्जनाच्या फोटोंत ही काळजी दुप्पट लागते. उपवनच्या कृत्रिम तलावावर तुमच्याशिवाय इतर मंडळांची मुलंही असतात आणि त्यांच्या आईवडिलांना विचारायची सोय नसते. तिथे मूर्ती, पाण्यातले हात आणि निर्माल्य कलश एवढंच घ्या.

आता नावं. आठवणीतून यादी केली की स्टेजवर दिसलेली माणसं आठवतात. रात्रीचा पहारा देणारे, प्रसादाची पातेली घासणारे, भटजींना रिक्षाने आणणारे, वायरिंग करणारे राहून जातात. कामवाटपाचा तक्ता समोर ठेवा आणि प्रत्येक गटप्रमुखाला एकच निरोप पाठवा: ‘आपल्या गटातली सगळी नावं, जशी छापायची तशी लिहून, उद्या रात्री 9 पर्यंत पाठवा. कोणाला नाव नको असेल तर तेही कळवा.’ सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचाऱ्यांचीही पूर्ण नावं विचारून घ्या. बाकी सगळ्यांना नावानिशी आणि त्यांना मात्र ‘वॉचमन मंडळी’ असं लिहिलं तर तो आभार राहत नाही.

नावं पदानुसार लावू नका, कामानुसार लावा आणि प्रत्येक कामात अकारविल्हे. मग कोणाचं नाव आधी यावरून नंतर बोलणी होत नाहीत. देणगीदारांची ओळ वेगळी ठेवा, रकमा लिहू नका.

तुमच्या प्रश्नातला खरा पेच मात्र वेगळाच आहे. सजावटीच्या गटात आणि लेझीम पथकात नववी-दहावीची मुलंच जास्त राबलेली असतात, म्हणजे कार्यकर्तेही तेच आणि ज्यांना जपायचं तेही तेच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात बालक म्हणजे 18 वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती, तीच रेघ इथेही धरा. अशा मुलांचं श्रेय गटाच्या नावाने द्या आणि काम नेमकं सांगा: ‘मखरातली कागदी कमळं किशोर गटाने चार संध्याकाळी बसून केली.’ नेमकं काम लिहिलं की ज्याने केलं त्याला ते आपलंच वाटतं. पालकांनी होकार दिला तर फक्त पहिलं नाव घ्या. आडनाव, इमारत, फ्लॅट नंबर, शाळा, इयत्ता यातलं काहीच नको. मुलांची नावं मुख्य पोस्टमध्येच ठेवा, फोटोखाली लिहू नका. चेहरा झाकलेल्या फोटोखाली नाव आणि फ्लॅट नंबर असेल तर झाकण्याचा काय उपयोग? पूर्ण नावांची यादी लॉबीतल्या फलकावर लावा, ती सोसायटीतच राहते.

फोटोखालची ओळ छोटी आणि कामाबद्दलची असावी. ‘चि. अमुक, ए विंग, वेशभूषेत पहिला’ असं न लिहिता ‘वेशभूषा स्पर्धेआधी फेटे बांधणारा गट’ असं लिहा.

मुख्य मजकुराच्या पहिल्या काही ओळीच न उघडता दिसतात, त्यामुळे कार्यकर्त्यांचा उल्लेख तिथेच यायला हवा. नमुना असा:

> यंदाचा पाच दिवसांचा गणेशोत्सव ज्यांच्या हातांनी पार पडला, त्यांची ही नावं.
>
> मखर आणि सजावट: (नावं). कागदी कमळं: किशोर गट.
> नैवेद्य आणि प्रसाद: (नावं). रोजची भांडी आणि आवराआवर: (नावं).
> वीज आणि ध्वनी: (नावं). रात्रीचा पहारा: (नावं).
> सुरक्षा आणि स्वच्छता: (नावं).
> विसर्जन आणि निर्माल्य संकलन: (नावं).
> छायाचित्रं: (नावं).
>
> मुलांच्या कार्यक्रमांचे फोटो आहेत, पण चेहरे मुद्दाम टाळले आहेत. आपल्या मुलाचे फोटो हवे असतील तर पालकांनी कार्यालयात सांगावं.
>
> कोणाचं नाव राहिलं किंवा चुकलं असेल, एखादा फोटो काढून टाकायला हवा असेल, तर समितीला कळवा. त्याच दिवशी दुरुस्ती करू.

‘चेहरे मुद्दाम टाळले आहेत’ हे वाक्य गाळू नका. ते नसेल तर ‘माझ्या मुलीचा नाच कुठे आहे?’ असं विचारत पालक स्वतःच टिप्पणीत तो फोटो टाकतात, आणि त्यात शेजारची चार मुलंही असतात. अशी टिप्पणी दिसली तर आधी लपवा, मग त्या पालकांना फोन करून कारण सांगा. सर्वांसमोर टोकू नका.

टॅगचं वेगळं विचारा. नाव छापायला होकार म्हणजे टॅगला होकार नव्हे, कारण टॅग केलेली पोस्ट त्या माणसाच्या मित्रयादीपर्यंत जाऊ शकते. किशोर गटातल्या कोणालाही टॅग करू नका. अल्बमचं मुखचित्र मूर्तीचंच ठेवा. कोणी लिंक पुढे पाठवली तर सहसा तेच आधी दिसतं.

सगळे मूळ फोटो ज्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये जमा केलेत त्याची लिंक बहुधा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असेल. ती लिंक असलेल्या कोणालाही उघडता येत असेल तर पोस्टवरची सगळी काळजी फुकट. अल्बम चढवण्याआधी त्या फोल्डरचा प्रवेश समितीतल्या दोघांपुरता करा आणि पालकांना त्यांच्या मुलाचे फोटो वेगळे पाठवा.