बंगालीतला 'ओ' इंग्रजीत नेताना

हे बघ, बंगालीत 'ओ' म्हणजे तोही आणि तीही, आणि मराठीत कळतं तसं क्रियापदावरूनही काही कळत नाही, 'ओ एशेछे' म्हणजे आला पण आणि आली पण. समज कोणी पार्टनरबद्दल लिहिलंय, 'ओ खूब भालो रान्ना कोरे, ओर हाशिटा आमार भीषोण भालो लागे'. रान्ना म्हणजे स्वयंपाक दिसला की नवीन माणूस डोळे झाकून 'शी' टाकतो, तिथेच घोळ होतो. आधी मागचापुढचा मजकूर चाळ, कुठे बोर (नवरा) किंवा बोउ (बायको) आलंय का बघ. 'शोना' या लाडाच्या हाकेवर जाऊ नकोस, ते कोणालाही म्हणतात. 'तिनि' आलं तर फक्त मान कळतो, बाकी काही नाही. लिहिणाऱ्याला विचारता आलं तर सरळ विचार, ते बेस्ट.

नाहीच कळलं तर सर्वनामच टाळ: 'माय पार्टनर इज सच अ गुड कुक, अँड आय अ‍ॅब्सोल्यूटली लव्ह दॅट स्माइल'. 'दॅट'मुळे लाडाचा सूरही राहतो बघ. मजकूर लांबलचक असेल तर मात्र हे ओढूनताणून वाटायला लागतं, मग सरळ एकवचनी 'दे' वापर, फक्त आसपास 'ओरा', म्हणजे खरंच अनेक माणसं, असतील तर वाचणारा गोंधळेल, तिथे परत 'माय पार्टनर' लिही.