नायक मुका नाही, त्याचं बोलणं अध्याहृत आहे

"व्हिडिओ गेममध्ये ज्या नायकाला शेवटपर्यंत एकही वाक्य नसतं, त्याला इंग्रजीत 'सायलेंट प्रोटॅगनिस्ट' म्हणतात. मराठीत काय म्हणावं, मुका नायक की मूक नायक? आणि असे नायक इतके का असतात? त्यांना बोलतं करायला अडचण काय आहे?"

दोन्ही नकोत. 'मुका' म्हणजे ज्याला बोलता येत नाही, आणि हे नायक तसे नसतात. 'मूक' त्यातल्या त्यात जवळचा, पण मूकपटातलं पात्र काय बोललं ते निदान पाटीवर लिहून येतं. इथे तेही येत नाही. शिवाय 'मूकनायक' असं जोडून लिहिलं की मराठी माणसाला 1920 साली बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेलं पाक्षिक आठवतं. तिथे अर्थ आहे मुक्यांचा नायक. तो शब्द त्याच्या जागी राहू दे. मी 'अबोल नायक' म्हणतो. का, ते सांगायला घरातलाच एक प्रसंग घेतो.

वेंगुर्ल्याला आमच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे. गेल्या पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, शाळेला सुट्टी पडलेली, आणि भाचा 'हाफ-लाइफ टू' खेळत बसलेला. व्हॉल्व्ह कंपनीचा 2004 सालचा गेम, नायक गॉर्डन फ्रीमन. सुरुवातीलाच तो आगगाडीतून एका पोलिसी राजवटीच्या शहरात उतरतो. स्टेशनात एक मुखवटा घातलेला शिपाई पेयाचा रिकामा कॅन मुद्दाम खाली पाडतो आणि हुकूम सोडतो, उचल तो. उचलला की पुढचा हुकूम, कचऱ्याच्या डब्यात टाक. गॉर्डन काहीच बोलत नाही. बोलला तो भाचा, तेही मोठ्यानं: "तुझ्या बापाशीचो चाकर काय मी?" आणि त्यानं कॅन नेम धरून शिपायाच्या डोक्यात हाणला. शिपाई विजेचा दंडुका घेऊन मागे लागला. दारात आठळ्या सोलत बसलेली आई म्हणाली, "मेल्या, टाक मां रे तो डब्यात, कित्याक भांडतस?" दुसऱ्या खेपेला त्यानं आजीचं ऐकून कॅन डब्यात टाकला. शिपाई हसला आणि वाट सोडून बाजूला झाला. ते हसणं भाच्याला दंडुक्यापेक्षा जास्त लागलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आता विचार करा, त्या जागी लेखकानं गॉर्डनला एक वाक्य दिलं असतं तर? रागाचं दिलं असतं, तर कॅन निमूट टाकणारा गॉर्डन खोटा पडला असता. नरमाईचं दिलं असतं, तर हाणणारा. वाक्य नाही म्हणून एकाच घरात दहा मिनिटांत दोन गॉर्डन होऊन गेले आणि दोन्ही खरे होते. गेम करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. या दोन्ही वागण्यांसाठी 'डिफायंट' म्हणजे बंडखोर आणि 'सबमिसिव्ह' म्हणजे आज्ञाधारक अशा दोन वेगळ्या अचीव्हमेंट, म्हणजे खेळात मिळणाऱ्या शाबासक्या, ठेवल्या आहेत. नायकाचं तोंड बंद ठेवलं की त्याचं उत्तर खेळणाऱ्याच्या हातात येतं, आणि इथे हातात म्हणजे अक्षरशः हातात.

आपल्या व्याकरणात याला तयार शब्द आहे: अध्याहृत. "जेवलास?" "जेवलो." दोन्ही वाक्यांत कर्ता नाही, तरी कुणाचं काही अडत नाही, कारण ऐकणारा तो स्वतः भरून घेतो. गॉर्डनची वाक्यं अशीच अध्याहृत आहेत. तो गप्प आहे असं गेममधलं सहसा कुणी धरून चालत नाही. समोरचे लोक त्याच्याशी ओळखीच्या माणसासारखे बोलतात. पण अध्याहृत ठेवायलाही नियम असतो. आजूबाजूला पुरेशी खूण असेल तरच शब्द गाळता येतो, नाहीतर वाक्य लंगडं पडतं. म्हणून अबोल नायकाचे संवाद लिहावे लागत नाहीत हे खरं असलं, तरी बाकी सगळ्यांचे दुप्पट जपून लिहावे लागतात. शेजारचा माणूस फोनवर बोलतोय आणि आपल्याला एकच बाजू ऐकू येते, तरी पलीकडचं कळतं ना? तशी ती वाक्यं बेतायची असतात. 'हाफ-लाइफ टू'मध्ये गॉर्डनच्या समोर दोन माणसं एकमेकांशी बोलतात आणि मधेमधे त्याच्याकडे वळतात. सविस्तर उत्तर लागेल असा प्रश्न त्याला सहसा कुणी विचारत नाही. कॅमेरा कधीच त्याच्या डोळ्यांतून बाहेर पडत नाही, त्यामुळे त्याचा मख्ख चेहरा आपल्याला दिसतच नाही. आणि सोबतीण अ‍ॅलिक्स एकदा तू फार मितभाषी दिसतोस अशा अर्थाचा टोमणा मारून घेते. खेळणाऱ्याच्या मनात जे चाललेलं असतं ते कुणीतरी बोलून टाकलं की खटकणं तिथेच विरतं.

या प्रथेचं मूळ मात्र इतकं सूक्ष्म नव्हतं. 1986 सालचा जपानी 'ड्रॅगन क्वेस्ट' 64 किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट जागा खातो. तिथे आवाजी संवाद कुठून ठेवणार? गावोगावची माणसं दोन-दोन ओळी बोलत आणि नायकाला अधूनमधून 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणता येई. हे वाचल्यावर मला आमच्याकडचं गाऱ्हाणं आठवलं. देवळात एकजण लांबलचक गाऱ्हाणं घालतो आणि बाकीच्यांचं काम एकच, "व्हय महाराजा". त्या जमावातल्या कुणालाही 'नाय महाराजा' म्हणायची सोय नसते. 'ड्रॅगन क्वेस्ट'मधल्या राजकन्येचं तसंच आहे. ती सोबत नेशील का म्हणून विचारते, तुम्ही 'नाही' म्हटलंत की पुन्हा विचारते, आणि 'हो' म्हणेपर्यंत विचारतच राहते. त्याच खेळात शेवटचा खलनायक अर्धं जग देऊ करतो. तिथे मात्र 'हो' हे खरोखरचं 'हो' असतं, आणि म्हटलं की इतक्या तासांची मेहनत पाण्यात. पहिल्या ठिकाणी उत्तराला किंमत शून्य, दुसऱ्या ठिकाणी सर्वस्व, आणि शब्द मात्र तेच दोन. अबोलपणाचा उपयोग कुणी नीट केलाय आणि कुणी नुसती जागा वाचवलीय, हे ओळखायची माझी कसोटी हीच: माझ्या उत्तरानं पुढे काही बदललं का?

तंत्र सुधारलं, जागा वाढली, तरी प्रथा टिकली. 'झेल्डा' मालिकेतल्या नायकाचं नावच लिंक, खेळणारा आणि खेळ यांतला दुवा. तलवार फिरवताना तो चांगला आरडाओरडा करतो, म्हणून त्याला 'मूक' म्हणणं तसंही चूक. 2017 च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये इतर मुख्य पात्रांना आवाज दिला, याला नाही. त्याचं कारण खेळातच, राजकन्या झेल्डाच्या रोजनिशीत सापडतं: इतके डोळे आपल्यावर लागलेले असताना सगळं ओझं न बोलता वाहायचं, असं त्याला वाटतं. हा झाला स्वभाव. 'अबोल' शब्दात नेमकी हीच छटा आहे, बोलता येतं पण बोलत नाही.

'पोर्टल टू'नं (2011) तर यावर विनोदच केलाय. झोपेतून उठलेल्या नायिकेला, चेलला, व्हीटली नावाचं एक बडबडं यंत्र बोलायला सांगतं. पडद्यावर सूचना येते, बोलण्यासाठी स्पेसबार दाबा. दाबलं की चेल उडी मारते. हिच्या मेंदूला इजा झाली असेल अशी शंका व्हीटलीला आधीपासूनच असते. मग तो म्हणतो, निदान 'अ‍ॅपल' तरी म्हण. तिची पुन्हा उडी. पुढे खलनायिका ग्लाडोस तिला सरळ मुकी म्हणून हिणवते. म्हणजे 'मुकी' हा शब्द इथे शिवी म्हणून आलाय, वर्णन म्हणून नाही. वर 'मुका' नको म्हटलं त्याला हेही एक कारण.

हे सगळीकडे जमतं असं नाही. कॅमेरा बाहेर आला, नायकाचा चेहरा जवळून दिसायला लागला, समोरचा गळा काढून रडतोय आणि आपला गडी ठोंब्यासारखा उभा, की सगळं बिघडतं. 'ड्रॅगन क्वेस्ट'चे कर्ते युजी होरी यांनीच हे बोलून दाखवलंय, की चित्रं जितकी खऱ्यासारखी होतात तितका न बोलणारा नायक बावळट दिसू लागतो. 'डेड स्पेस'चा आयझॅक क्लार्क 2008 च्या पहिल्या भागात अबोल होता. आपली प्रेयसी शोधायला निघालेला माणूस तिच्याबद्दल एक शब्द काढत नाही, हे पटेना. 2011 च्या दुसऱ्या भागात त्याला आवाज दिला. माझ्या मते बरं केलं. ज्याला स्वतःचं दुःख आहे, त्याची जागा खेळणाऱ्यानं भरून कशी चालेल?

राहता राहिली मराठीची स्वतःची एक भानगड, जी इंग्रजीत उद्भवतच नाही. 1988 च्या 'ड्रॅगन क्वेस्ट थ्री'मध्ये नायक की नायिका, हे खेळणारा निवडतो. उद्या असा गेम मराठीत आणला आणि नायकाच्या तोंडी "मी येतो" घातलं की मुलीची पंचाईत, "मी येते" घातलं की मुलाची. "मी दार उघडलं" चालेल, कारण तिथे क्रियापद दाराच्या मागे जातं. "मी येईन" चालेल. "मी पोचलो" चालणार नाही. समोरच्यानं "तू आलास?" म्हटलं तरी फसलं; "तुम्ही आलात?" म्हटलं तर निभावतं, पण मग घरच्या आजीनंही नातवाला 'तुम्ही' म्हणायचं का? प्रमाण मराठीत अबोल नायक ठेवला तर निम्मी डोकेदुखी आपोआप जाते. मालवणीत वर्तमानकाळापुरती सूट आहे, तिथे बाप्या असो की बाईल, दोघंही "मी येतंय"च म्हणतात. गेमचं मराठी करणाऱ्यानं याचा फायदा घ्यायला हरकत नाही.

तेव्हा अबोल नायक, अबोल नायिका. विशेषण बदलत नाही, हाही फायदाच. 'अबोला नायक' लिहू नका, तो रुसून बसलाय असं वाटेल. आणि 'अबोली नायिका' तर मुळीच नको, आमच्याकडे अबोलीचा गजरा करतात.