फिजिक्सच्या पेपरमधील पर्याय आधी का वाचावेत?

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत शिकते. सीईटीच्या सराव परीक्षेत फिजिक्सचे दहा-बारा प्रश्न वेळेअभावी राहून जातात, पण घरी बसले की तेच प्रश्न मला सुटतात. क्लासमधली काही मुले पूर्ण गणित न करता पर्याय बाद करून उत्तर काढतात. ही पद्धत खरोखर शिकण्यासारखी आहे की नुसता अंदाजपंचे कारभार? जेईई मेनलाही ती चालेल का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर :

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

सीईटीमध्ये फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी ५४ सेकंद येतात. केमिस्ट्रीच्या पाठांतराच्या प्रश्नांतून थोडा वेळ वाचला, तरी फिजिक्सच्या प्रश्नाला मिनिट-सव्वा मिनिटापेक्षा जास्त वेळ देता येत नाही. जो प्रश्न घरी चार मिनिटांत सुटतो, तो परीक्षेच्या हिशेबात अजून सुटलेला नाही असेच समजावे. पर्याय बाद करण्याची पद्धत शिकण्यासारखी आहे, मात्र ती फिजिक्स येत असेल तरच चालते. एक प्रश्न सविस्तर पाहू, म्हणजे हे स्पष्ट होईल.

M वस्तुमानाच्या, भरीव चकतीसारख्या कप्पीवरून न घसरणारी हलकी दोरी गेली आहे. दोरीच्या टोकांना m1 आणि m2 ही वस्तुमाने टांगली असून m1 जड आहे. त्यांचे त्वरण किती, असा प्रश्न आहे आणि पर्याय असे आहेत :

(अ) (m1 − m2)g / (m1 + m2)
(ब) 2(m1 − m2)g / (2m1 + 2m2 + M)
(क) (m1 − m2)g / (m1 + m2 + M)
(ड) 2(m1 + m2)g / (2m1 + 2m2 + M)

रीतसर सोडवायचे तर दोन वस्तुमानांची दोन समीकरणे, कप्पीच्या टॉर्कचे तिसरे, मग दोन्ही बाजूंचे ताण काढून टाकणे, असा दोन-अडीच मिनिटांचा मामला आहे. त्याऐवजी आधी पर्याय वाचावेत आणि टोकाच्या स्थितीत काय व्हायला हवे हे स्वतःला विचारावे. दोन्ही वस्तुमाने सारखी असतील, तर तराजू समतोल राहील आणि त्वरण शून्य यायला हवे. (ड) मध्ये ते g पेक्षा कमी, पण शून्याहून जास्त येते, म्हणून तो बाद. कप्पी अतिशय जड केली, तर ती जागची हलणार नाही, म्हणून M खूप मोठा घेतल्यावर त्वरण शून्याकडे जायला हवे. (अ) मध्ये M चा पत्ताच नाही, म्हणून तोही बाद. इथवर वीस सेकंद पुरतात. (ड) हा पर्याय जड कप्पीच्या कसोटीला उतरतो आणि (अ) हा समान वस्तुमानांच्या कसोटीला, हे लक्षात घे. एकाच कसोटीवर थांबलेला विद्यार्थी इथे फसतो.

आता (ब) आणि (क) उरतात, आणि टोकाच्या कितीही स्थिती तपासल्या तरी ते वेगळे होत नाहीत, कारण M शून्य घेतला किंवा अनंत घेतला, दोघांचे उत्तर सारखेच येते. फरक आहे तो M च्या गुणकाचा : (ब) मध्ये प्रत्यक्षात M/2 आहे, (क) मध्ये पूर्ण M. इथे फिजिक्स लागते. कप्पीचे सगळे वस्तुमान कडेला असते, म्हणजे ती कडी असती, तर ते पूर्णच्या पूर्ण दोरीच्या वेगाने फिरले असते आणि M जसाच्या तसा मिळवावा लागला असता. भरीव चकतीत आतला भाग हळू फिरतो, म्हणून M पेक्षा कमी मिळवायला हवे. चकतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया MR²/2 असतो हे तुला पाठ आहेच, म्हणून उत्तर (ब). (क) हे उत्तर चुकीचे नाही, ते कडीचे उत्तर आहे, आणि प्रश्न काढणाऱ्याने ‘भरीव’ हा शब्द घाईत वाचणाऱ्यासाठीच ते तिथे ठेवले आहे.

एककांची तपासणी मी अजून काढली नाही, याचे कारण वरच्या चारही पर्यायांची मिती त्वरणाचीच आहे. अनुभवी प्रश्नकर्ता सहसा अशी चूक पर्यायात राहू देत नाही, त्यामुळे अक्षरी सूत्रांच्या पर्यायांत मितीवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त घालवू नयेत. शिवाय 2, π किंवा 1/2 अशा गुणकांतली चूक मितीने कधीच पकडली जात नाही. एककांचा खरा उपयोग आकड्यांच्या प्रश्नात आहे, जिथे सेंटिमीटर, मिलिहेन्री आणि मायक्रोफॅरड एकाच ओळीत दिलेले असतात. ते सोडवायला घेण्यापूर्वीच दहाच्या घातांत लिहून टाकावेत.

आकड्यांच्या प्रश्नातही पर्यायच सांगतात की किती नेमके गणित करायचे आहे. समज, १०० व्होल्टने त्वरित केलेल्या इलेक्ट्रॉनची डी ब्रॉग्ली तरंगलांबी विचारली आहे आणि पर्यायांत 1.2 तोच असून दहाचा घात −9, −10, −11, −12 असा बदलतो. सूत्र λ = h/√(2meV). वर्गमुळातील घात −31, −19 आणि +2 मिळून −48 होतात, आणि 2 × 9 × 1.6 म्हणजे सुमारे 29. त्याचे मूळ पाचच्या थोडे वर, म्हणून छेद साधारण 5 × 10⁻²⁴. अंशात 6.6 × 10⁻³⁴ आहे, भागाकार सुमारे 1.3 × 10⁻¹⁰ मीटर, आणि उत्तर निश्चित झाले. हेच पर्याय 1.13, 1.23, 1.32 असे असते, तर हा अंदाज निरुपयोगी ठरला असता, आणि अंशाला 6.63 व छेदाला 5.4 घेऊनच भागावे लागले असते. म्हणून पर्यायांतले अंतर आधी पाहावे आणि मग किती अंक सांभाळायचे ते ठरवावे.

कधीकधी चारही पर्याय बाद होतात. अशा वेळी पेपर चुकला असे धरून चालू नये. बहुधा m1 आणि m2 ची अदलाबदल झालेली असते किंवा प्रश्नातील एखादी अट वाचायची राहिलेली असते, म्हणून प्रश्न एकदाच पुन्हा वाचावा, तरीही जुळले नाही तर खूण करून पुढे जावे.

दोन पर्याय उरले आणि वेळ संपत आला, तर काय करावे हे परीक्षेवर अवलंबून आहे. सीईटीमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ जातो. दोन पर्याय खरोखर बाद केलेले असतील, तर अशा चार प्रश्नांत सरासरी दोन बरोबर आणि दोन चूक धरून ८ वजा २, म्हणजे ६ गुण हाती लागतात. एकही पर्याय बाद न करता ठोकले, तर चार प्रश्नांचा सरासरी नफा जेमतेम १ गुणाचा असतो, आणि मनाला ‘बरोबर वाटणारा’ पर्याय अनेकदा (क) सारखा सापळा असल्यामुळे तोही हाती लागेलच असे नाही. शिवाय जेईई मेनच्या फिजिक्समध्ये पाच प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तराचा आकडा टाइप करावा लागतो. तिथे बाद करण्यासारखे काही नसल्याने ही पद्धत फक्त आलेले उत्तर पडताळण्यापुरती उरते.

सरावाबद्दल एकच सुचवतो. पुढचा महिनाभर अक्षरी उत्तराचे कोणतेही उदाहरण पूर्ण सोडवून झाल्यावर, उत्तराखाली टोकाच्या दोन स्थिती लिहून त्या जुळतात का ते पाहा. सुरुवातीला याला पाच-पाच मिनिटे लागतील, म्हणून हे घड्याळ लावून करू नकोस. सराव परीक्षेत ही पद्धत वापरायची ती त्यानंतर, आणि तीही आधी यंत्रशास्त्र व विद्युत मंडलांच्या प्रश्नांवर, कारण तिथे वस्तुमान किंवा रोध शून्य अथवा अनंत केल्यावर काय होईल हे डोळ्यांसमोर आणता येते. मॉडर्न फिजिक्सची सूत्रे बहुतेक एका ओळीची असतात, तिथे सरळ आकडे घातलेलेच लवकर होते.