गळकं छत, १२ फोटो आणि १४० शब्द

गावच्या शाळेला मदत मिळावी म्हणून २ मिनिटांची फिल्म करतोय. २२ फोटो आहेत, मोबाइलवर घेतलेल्या ४ क्लिप आहेत. निवेदन ३४० शब्दांचं झालंय आणि ते फिल्ममध्ये मावत नाही. भरभर वाचलं तर चालेल का? सोबत निवेदन पाठवतोय.

नाही. भरभर वाचलेलं निवेदन ऐकणाऱ्याला बातम्यांसारखं वाटतं आणि आवाहन तिथेच संपतं. आधी स्वतःचा वेग मोजा. कुठलाही मजकूर समोरच्या माणसाशी बोलल्यासारखा १ मिनिट वाचा आणि शब्द मोजा. मराठी शब्द लांब असतात, शिवाय प्रत्ययही त्यांनाच चिकटलेले. त्यामुळे निवांत वाचलं तर माझे मिनिटाला ११० च्या आसपास होतात. म्हणजे २ मिनिटांत एकही श्वास न सोडता २२०. त्यातला एक तृतीयांश वेळ आवाजाविना सोडायचा. मग उरतात १४०-१५० शब्द. म्हणजे तुमच्या मजकुरातला निम्म्याहून जास्त भाग जाणार आहे.

फोटोंचंही तेच. एक फोटो नीट बघायला ५ सेकंद लागतात. २२ फोटोंचे ११० सेकंद झाले, क्लिपना १० उरले. १२ फोटो ठेवा, त्यांचं १ मिनिट. ४ क्लिपना प्रत्येकी १० सेकंद. राहिलेले २० सेकंद सुरुवातीला आणि शेवटच्या पाटीला.

आता काय कापायचं ते. बादलीच्या फोटोखाली तुम्ही लिहिलंय: ‘या छायाचित्रात आपण पाहू शकता, की वर्गाचे छत गळत असून विद्यार्थी एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेले आहेत. अशा प्रतिकूल परिस्थितीतही ते ज्ञानार्जनाचे पवित्र कार्य करीत आहेत.’ हे २५ शब्द. बादली दिसतेय, कोपरा दिसतोय, दाटी दिसतेय. बघणाऱ्याला जे दिसतंय तेच कानात सांगितलं, की तो ऐकणं सोडून देतो. आणि ‘पवित्र कार्य’ म्हणताना तुमचा स्वतःचाच आवाज बदलतो, वाचून बघा.

फोटोला जे सांगता येत नाही ते सांगा. ते तुमच्याकडे आहेच, फक्त निवेदनात नाही, मला लिहिलेल्या पत्रात आहे: पावसात दोन इयत्ता एकत्र बसवाव्या लागतात. मग असं होईल:

‘पाऊस आला, की तिसरी आणि चौथी एका वर्गात बसतात. तिसरी पाढे म्हणते, तेव्हा चौथी गप्प बसते.’

१६ शब्द, जेमतेम ९ सेकंद. पण ते लावायचे कसे, यातच खरी मजा आहे. बादलीचा फोटो आला, की २ सेकंद कुणी बोलायचं नाही. नुसता थेंबांचा आवाज, तो एखाद्या क्लिपमधून उचला. मग पहिलं वाक्य. ‘एका वर्गात’ म्हणेपर्यंत दाटीवाटीचा फोटो यायला हवा. ‘गप्प बसते’ वर तुम्ही गप्प. लगेच पाढ्यांची क्लिप तिच्या मूळ आवाजासकट, संगीत पूर्ण बंद. या १० सेकंदांत एकही शब्द नको. मघाशी राखून ठेवलेला एक तृतीयांश वेळ अशा जागांसाठीच आहे.

कागद दोन रकान्यांत आखा: डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज, समोरासमोर. दोन्हीकडे तेच लिहिलेलं दिसलं, की उजवीकडचं खोडा. फोटो कमी पडतोय असं वाटलं तर तोच फोटो दुसऱ्यांदा, फक्त जवळून घ्या. आधी अख्खा वर्ग, नंतर नुसती भिजलेली वही.

निवेदन वाचताना गळा थोडा दाटून आल्यासारखा ठेवावा का? आणि एखाद्या मुलीच्या आवाजात घेतलं तर?

गळा दाटवू नका. रडायचं की नाही ते बघणाऱ्यावर सोडा. शेजाऱ्याला ‘आज नळाला पाणी आलं नाही’ हे ज्या सुरात सांगाल, तो सूर इथे पुरतो.

मुलीचा आवाज जरूर घ्या, पण तुमची वाक्यं तिच्या तोंडी देऊ नका. पाठ केलेलं वाक्य दुसऱ्याच शब्दाला भाषण स्पर्धेसारखं चढतं. तिला प्रश्न विचारा: ‘पाऊस आला की दप्तर कुठे ठेवतेस?’ उत्तर रेकॉर्ड करा, मग तुमचा प्रश्न कापून टाका. मधलं ‘अं’ राहू द्या. आईवडिलांची परवानगी मात्र फिल्म कुठे दाखवणार आहात ते सांगून, लेखी घ्या. चेहऱ्यासोबत पूर्ण नाव तर नकोच.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर विहिरीतून बोलल्यासारखं येतं. वेगळा माइक घ्यावा लागेल का?

विहीर मोबाइलमध्ये नाही, खोलीत आहे. रिकाम्या वर्गात टाळी वाजवा. ती मागून परत ऐकू आली, तर तिथे रेकॉर्डिंग नको. गाद्या आणि कपडे असलेल्या छोट्या खोलीत जा, पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका. तोंडापासून एक वीत अंतरावर आणि किंचित बाजूला धरा. अगदी समोर धरलात, तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फुंकर माइकवर आदळते आणि ‘भप्’ असा ठोका पडतो. नंतर तो सहजासहजी निघत नाही.

शेवटी ३० सेकंद त्याच खोलीचा मुका आवाज रेकॉर्ड करून ठेवा. दोन वाक्यांमधली जागा त्यानेच भरायची. तिथे कोरी शांतता ठेवली, तर दर वाक्याआधी कुणी बटण दाबतंय असं ऐकू येतं. आणि सगळं एकाच बैठकीत वाचा. मी एकदा अर्धं संध्याकाळी आणि अर्धं दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या वाचलं. फिल्ममध्ये दोन भाऊ बोलतायत असं वाटत होतं.

शेवटी खाते क्रमांक वाचून दाखवायचा का? आणि ‘सढळ हाताने मदत करा’ याला दुसरं काही सुचवा.

क्रमांक वाचू नका, कुणीही तो ऐकून लिहून घेत नाही. पाटी १० सेकंद स्थिर ठेवा, तिच्यावर झूम नको. फिल्म मोबाइलवर बघितली जाते आणि त्याच मोबाइलच्या पडद्यावरचा क्यूआर कोड त्याच मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपता येत नाही. म्हणून खात्याचा तपशील फिल्मसोबतच्या मेसेजमध्येही टाइप करून टाका.

‘सढळ हाताने’ ऐकून काय करायचं ते कळत नाही. मोजता येईल असं मागा. समजा, दोन वर्गांच्या छताला ४० पत्रे लागणार आणि ११ चे पैसे आलेत. मग: ‘दोन वर्गांना चाळीस पत्रे लागतात. अकरा आले. एक पत्रा तुमचा असू शकतो.’ निवेदनाच्या कागदावर आकडे अक्षरांत लिहा, वाचताना जीभ अडखळत नाही. एका पत्र्याची किंमत पाटीवर टाका. ‘अकरा आले’ हे वाक्य मात्र त्याच बैठकीत, पण वेगळ्या फाइलमध्ये वाचा, आणि सोबत ‘पंधरा आले’, ‘वीस आले’, ‘तीस आले’ हेही वाचून ठेवा. पैसे येत जातील तसं तेवढंच बदलता येईल. नाहीतर छत पूर्ण झाल्यावरही फिल्म अकरावरच अडकलेली असते, आणि लोक फोन करून विचारतात, की बाकीच्यांचं काय झालं.