साडेचौसष्ट रुपयांवर नऊ टक्के

प्रश्न: पायथॉनमध्ये `0.1 + 0.2` केलं तर `0.30000000000000004` येतं. असं का? काकांच्या दुकानासाठी बिलिंगचा छोटा प्रोग्रॅम लिहितोय, त्यात पैसे नीट राऊंड कसे करायचे?

उत्तर: आधी जुन्या रुपयाकडे जाऊ. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. अर्धा रुपया म्हणजे आठ आणे, पाव म्हणजे चार, त्याचा निम्मा दोन, त्याचाही निम्मा एक. निम्मं करत गेलं की सगळं चोख बसायचं. पण त्या हिशेबात रुपयाचा दहावा भाग मागितला असता तर? एक आणा आणि वर थोडं. ते 'थोडं' आण्यात बसत नाही.

कॉम्प्युटर अजून तसाच निम्म्या-निम्म्याने मोजतो. त्याच्याकडे १/२, १/४, १/८, १/१६ अशीच वजनं आहेत. ०.१ तोलायचं तर १/१६ आणि १/३२ टाकली की ०.०९३७५ झालं. पुढची दोन वजनं जड पडतात. मग १/२५६ आणि १/५१२ टाकली की ०.०९९६०९३७५. पुन्हा दोन सोडा, दोन टाका, हे कधी संपतच नाही. आपल्याकडे १ भागिले ३ जसं ०.३३३ करत पळत राहतं, तसंच. नेहमीच्या फ्लोटमध्ये ५३ बिटांनंतर थांबावं लागतं, म्हणून ०.१ किंचित जास्त साठतो आणि ०.२ सुद्धा. बेरजेत ते उघडं पडतं. ०.५ किंवा ०.२५ ला ही अडचण नाही, ते आठ आणे आणि चार आणे आहेत.

हे शेपूट दिसतं तेव्हा उलट बरं. दिसत नाही तेव्हा ते त्रास देतं.

रविवार पेठेत, बोहरी आळीजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानाचं बिलिंग मी केलं होतं. काउंटरवरची स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये, महिन्याचा रिपोर्ट पायथॉनमध्ये. महिनाअखेरीला सीएंच्या ऑफिसातून फोन: "बिलांची बेरीज आणि तुमचा रिपोर्ट जुळत नाही, एक रुपया चौदा पैशांचा फरक आहे." रुपयासाठी कोण भांडतं, असं मला वाटलं. मालकांना तसं वाटलं नाही. त्यांनी बिलांचा गठ्ठा समोर ठेवला आणि पेन्सिलीने खुणा करायला बसले. अर्ध्या तासात त्यांनीच सांगितलं, "स्क्रूचं पाकीट जिथे जिथे आहे तिथेच गडबड आहे."

पाकिटाची किंमत करासोडून ६४.५०. त्यावर सीजीएसटी ९ टक्के, म्हणजे ५.८०५. कागदावर करा, ५.८१ येईल. आता पायथॉनला विचारा:

```python
>>> 64.5 * 0.09
5.805
>>> round(64.5 * 0.09, 2)
5.8
>>> "%.20f" % (64.5 * 0.09)
'5.80499999999999971578'
```

पहिली ओळ निरागस दिसते, कारण पायथॉन तो आकडा ओळखण्यापुरते कमीत कमी अंक छापतो. आत मात्र ५.८०५ पेक्षा केसभर कमी साठलंय, म्हणून `round` खाली गेला. त्याची चूक नाही, त्याच्या हातातला आकडा खरंच निम्म्याच्या खाली आहे. काउंटरवर मी `Math.round(x * 100) / 100` वापरलं होतं. तिथे १०० ने गुणताना नेमकं 580.5 झालं आणि बिलावर ५.८१ छापलं गेलं. सीजीएसटीत एक पैसा, एसजीएसटीत एक, असे सत्तावन्न वेळा मिळून एक रुपया चौदा पैसे.

म्हणजे 'शंभरने गुणा आणि राऊंड करा' हे बरोबर? नाही, इथे ते नशिबाने बरोबर आलं. `1.005 * 100` करून बघा, `100.49999999999999` येतं आणि एक पैसा जातो. आधी थोडंसं 0.0000001 मिळवून मग राऊंड करणारेही भेटतील. ते ठिगळ आहे, मी लावणार नाही.

पैसे फ्लोटमध्ये ठेवूच नका. दुकानाच्या प्रोग्रॅमला माझी पसंती पूर्णांक पैशांना: ६४.५० म्हणजे 6450. टक्काही पूर्णांकच ठेवा, ९ टक्क्यांना 900, कारण उद्या अडीच टक्के आले तर 250 लिहिता येतं.

```python
def kar(paise, dar):
    k = (abs(paise) * dar + 5000) // 10000
    return k if paise >= 0 else -k
```

`kar(6450, 900)` म्हणजे 581. `abs` शोभेला नाही. ते काढून सरळ `k` परत दिला तर माल परत आल्यावर -6450 वर -580 येतं, कारण मिळवलेले 5000 बरोबर निम्म्यावरचा -580.5 वरच्या बाजूला ढकलतात. विक्रीला ५.८१ घेतले, परतीला ५.८० दिले, गिऱ्हाइकाचा एक पैसा आपल्याकडे. जावास्क्रिप्टचा `Math.round(-580.5)` सुद्धा -580 च देतो.

टाइप केलेली किंमत पैशात बदलताना `int(19.99 * 100)` लिहू नका, 1998 मिळेल. मजकूर आहे तसाच पायथॉनच्या `decimal` मॉड्यूलमधल्या `Decimal` ला द्या: `int(Decimal("19.99") * 100)`. अवतरणचिन्हं विसरलात तर फ्लोटची घाण आधीच आत आलेली असते.

सगळा हिशेबच `Decimal` मध्ये करायचा असेल तरी चालेल, पण `quantize` ला `rounding=ROUND_HALF_UP` स्पष्ट सांगा. न सांगितलं तर तो बरोबर निम्म्यावर असलेला आकडा सम अंकाकडे नेतो, आणि ५.८०५ चे पुन्हा ५.८० होतात. या वेळी फ्लोटवर खापर फोडता येणार नाही.

डेटाबेस एसक्यूलाइट असेल तर एक फसवणूक आहे. कॉलमला `DECIMAL(10,2)` म्हटलं तरी त्यात ६४.५५ सारखा आकडा फ्लोट म्हणूनच साठतो. `INTEGER` घ्या आणि पैसे ठेवा. पोस्टग्रेसमध्ये `NUMERIC` खरोखर दशमान आहे.

आता काकांना विचारायचा प्रश्न: कर प्रत्येक ओळीवर राऊंड करायचा की बेरजेवर? तीच तीन पाकिटं तीन ओळींत घ्या. ओळीवर केलं तर ५.८१ गुणिले ३, १७.४३. बेरजेवर केलं तर १९३.५० चे नऊ टक्के १७.४१५, म्हणजे १७.४२. गणित दोन्हींचं बरोबर आहे, पण बिल आणि रिपोर्ट यांनी एकच रीत धरली पाहिजे. मी ओळीवर राऊंड करतो, तो आकडा तिथेच साठवतो, आणि रिपोर्टमध्ये कर पुन्हा काढत नाही, साठवलेल्याची नुसती बेरीज करतो. सुटे पैसे कुणी देत नाही म्हणून एकूण रक्कम रुपयात करायची असेल तर 'राऊंड ऑफ' अशी वेगळी ओळ टाका, कराच्या आकड्याला हात लावू नका.

प्रोग्रॅम झाला की ६४.५० चं एक बिल फाडा, लगेच तोच माल परत घ्या, आणि रिपोर्टमध्ये कर शून्य येतो का बघा. आमच्या त्या दुकानात अजून प्रत्येक नवीन व्हर्जनला मालक आधी स्क्रूचं पाकीटच काउंटरवर ठेवतात.