कॅप्चर कार्डची प्रश्नोत्तरे: टीव्हीवर गेम दिसतो, मग ओबीएसमध्ये अंधार का?

प्रश्न: पीएस५ कॅप्चर कार्डाला जोडला आहे. टीव्हीवर गेम व्यवस्थित दिसतो, पण लॅपटॉपवर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये नुसता काळा चौकोन. कार्ड खराब निघालं का?

बहुधा नाही. टीव्हीवर चित्र येतंय, म्हणजे एचडीएमआय केबल ठीक आहेत आणि कार्डाच्या इन-आउटची अदलाबदलही झालेली नाही. अडवतंय ते एचडीसीपी. या व्यवस्थेत कन्सोल पलीकडच्या उपकरणाची ओळख तपासतो आणि मगच चित्र कुलूपबंद करून पाठवतो. टीव्हीकडे किल्ली असते. कार्ड ते चित्र टीव्हीकडे पुढे सरकवतं, पण कुलूप काढून कॉम्प्युटरच्या हवाली करत नाही.

पीएस५मध्ये हे कुलूप मुळातच चालू असतं, अगदी गेम खेळतानाही. एक्सबॉक्स आणि स्विच गेमला ते लावत नाहीत, म्हणून ही तक्रार प्रामुख्याने प्लेस्टेशनवाल्यांची. काढायचं तर कन्सोलवर इथे जा:

```
Settings > System > HDMI > Enable HDCP
```

समोरचं बटण बंद करा. क्षणभर पडदा काळा होईल, मग ओबीएसमध्ये चित्र उमटेल. याची किंमत एवढीच की कुलूप बंद असेपर्यंत ओटीटी अ‍ॅप आणि ब्लू-रे डिस्क चालणार नाहीत. सिनेमा पाहायचा असेल तेव्हा तेच बटण पुन्हा चालू करा.

एवढं करूनही अंधारच असेल, तर कार्ड दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने धरून ठेवलंय का ते पाहा. कॉम्प्युटरच्या लेखी कार्ड म्हणजे एक वेबकॅम, आणि बहुतेक वेळा तो एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. मागे उघडी राहिलेली मीटिंगची खिडकी पुरेशी असते. आणि टीव्हीवरही चित्र नसेल, तर एचडीसीपीच्या मागे लागू नका. आधी केबल आणि पोर्ट तपासा.

प्रश्न: ओबीएसच्या खिडकीत बघून खेळतो. बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. कुठली सेटिंग बदलू?

खेळायची जागा बदला. चित्र कार्डात शिरतं, तिथे त्याचं रूपांतर होतं, ते यूएसबीवरून जातं, ओबीएस ते रंगवतं आणि मग मॉनिटर दाखवतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. वाटेत पाच फ्रेम साचल्या तरी ८० मिलिसेकंदांच्या पुढे गेलात, आणि फायटिंग किंवा शूटिंगच्या गेममध्ये हाताला ते लगेच कळतं. हा उशीर कमी करता येतो, शून्य करता येत नाही.

म्हणून कार्डाच्या एचडीएमआय आउटमधून टीव्हीला केबल द्या, टीव्हीचा गेम मोड लावा आणि टीव्हीकडे बघूनच खेळा. ओबीएसची खिडकी फक्त नजर ठेवण्यापुरती. प्रेक्षकाला ८० मिलिसेकंद उशिरा दिसलं तरी त्याचं काही अडत नाही. कार्डाला आउट नसेल तर त्याच्या आधी एचडीएमआय स्प्लिटर बसवा, एक फाटा टीव्हीला आणि दुसरा कार्डाला. मात्र बरेच स्प्लिटर दोन्हींपैकी कमी क्षमतेच्या उपकरणाशी जुळवून घेतात, त्यामुळे टीव्हीवर 4K मिळेलच असं नाही.

ओबीएसमध्ये एक गोष्ट तरीही करून ठेवा: कार्डाच्या `Properties`मध्ये `Buffering` हे `Disable` करा.

प्रश्न: खोक्यावर '4K 60' छापलेला छोटा डोंगल घेतला. रेकॉर्डिंग मात्र अडखळतं. लॅपटॉप कमी पडतोय का?

छापलेलं खोटं नसतं, अर्धवट असतं. तो आकडा बहुतेकदा आत येणाऱ्या सिग्नलचा असतो. कॉम्प्युटरला काय मिळतं ते यूएसबी ठरवतं, आणि हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. YUY2 या साध्या, न दाबलेल्या प्रकारात प्रत्येक पिक्सेलला २ बाइट लागतात:

```
1920 × 1080 × 2 × 60 = 248,832,000 बाइट प्रति सेकंद
```

म्हणजे सेकंदाला साधारण २४९ मेगाबाइट. यूएसबी २.०ची कागदोपत्री मर्यादा ६० मेगाबाइट, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. एवढा माल त्या नळीतून जाणार कसा? म्हणून स्वस्त डोंगल प्रत्येक फ्रेम जेपीईजीसारखी दाबून, MJPEG प्रकारात, पाठवतो, आणि 1080p ला बऱ्याचदा ३० फ्रेमवरच थांबतो.

तुमचा डोंगल कोणत्या जातीचा, ते ओबीएसमध्ये कळतं. `Resolution/FPS Type` हे `Custom` करा, 1920x1080 निवडा आणि `Video Format` YUY2 ठेवा. फ्रेमच्या यादीत ५ किंवा १० असे आकडे आले, तर तो यूएसबी २.०वर बोलतोय. प्लगमधलं निळं प्लास्टिक हा यूएसबी ३चा पुरावा नव्हे. अशा डोंगलवर MJPEG निवडून 1280x720 ला ६० फ्रेम मिळतात का ते पाहा. वेगवान गेमला अडखळत्या 1080p पेक्षा ते बरं दिसतं.

कार्ड खरोखर यूएसबी ३चं असूनही यादी तोकडी येत असेल, तर मधला हब काढा आणि कार्ड थेट लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला लावा.

लॅपटॉपवरचा संशय मात्र तपासता येतो. ओबीएसचं `Stats` उघडा. एन्कोडिंगच्या ओळीत फ्रेम गळत असतील तर लॅपटॉप दमलाय, तेव्हा प्रोसेसरवर चालणारा x264 सोडून ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर निवडा. स्ट्रीम करताना नेटवर्कच्या ओळीत गळत असतील तर दोष इंटरनेटचा, बिटरेट उतरवा. दोन्हीकडे शून्य असूनही चित्र अडखळत असेल, तर गुन्हेगार बहुधा कार्ड किंवा त्याची केबल.

प्रश्न: रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज आधी येतो, धमाका नंतर. अंदाजाने आकडे टाकून थकलो.

अंदाज नको, मोजा. माइक थेट कॉम्प्युटरला जातो आणि गेमचं चित्र-आवाज कार्डातून उशिरा पोचतात, म्हणून तुम्ही पुढे धावता.

माइक टीव्हीच्या स्पीकरजवळ ठेवा. `Advanced Audio Properties`मध्ये कार्डाचा आवाज फक्त ट्रॅक १ वर आणि माइक फक्त ट्रॅक २ वर द्या. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये दोन्ही ट्रॅकवर खूण करा आणि MKV मध्ये अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. गेममध्ये बंदुकीचा एकच बार काढा. एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये दोन्ही लहरी एकाखाली एक मोठ्या करून पाहा. समजा माइकवरचा बार २.३१० सेकंदांना आणि कार्डावरचा २.३९५ ला आहे. फरक ८५ मिलिसेकंदांचा, तेव्हा माइकच्या `Sync Offset`मध्ये 85 लिहा. टीव्हीचा गेम मोड चालू हवा, नाहीतर टीव्हीचा स्वतःचा उशीर हिशेबात मिसळतो.

फरक सुरुवातीला नसेल आणि तासाभराने वाढत गेला असेल, तर हा आकडा निरुपयोगी. तेव्हा ओबीएस, माइक आणि कार्ड, तिन्ही ठिकाणी आवाजाचा सॅम्पल रेट 48 kHz आहे का ते पाहा. एखादं 44.1 वर राहिलेलं सापडण्याची शक्यता मोठी.

प्रश्न: रेकॉर्डिंगचे रंग धुतल्यासारखे फिके येतात. टीव्हीवर झकास!

बहुधा कन्सोल एचडीआर पाठवतोय आणि कार्डाला ते कळत नाही. पीएस५मध्ये `Screen and Video`खालच्या `Video Output`मध्ये एचडीआर बंद करा.

प्रश्न: पीएस३मध्ये एचडीसीपीचं बटणच सापडत नाही. कुलूप काढणारा स्प्लिटर घ्यावा का?

सापडणार नाही, तिथे ते दिलेलंच नाही. एचडीएमआयवर गेमसकट सगळं कुलूपबंद जातं. सरळ वाट जुनीच आहे: पीएस३ची कंपोनंट केबल आणि कंपोनंट इनपुट असलेलं कार्ड. अ‍ॅनालॉग केबलवर एचडीसीपी नसतं आणि गेम 720p किंवा 1080i मध्ये नीट रेकॉर्ड होतात. लाल-हिरवा-निळा हे चित्राचे तीन प्लग, आणि आवाजाचे लाल-पांढरे दोन वेगळे. दोन्हीकडे लाल असल्याने अदलाबदल होते, आणि मग चित्राचे रंग विचित्र दिसतात.

सेट-टॉप बॉक्सवरचे सिनेमे रेकॉर्ड करण्यासाठी कुलूप तोडायचा विचार असेल, तर २०१२च्या दुरुस्तीनंतर भारताच्या कॉपीराइट कायद्यात असं कुलूप तोडण्याबद्दलचं कलम ६५अ आलं आहे, ते आधी वाचा.